आलीस? – स्टेशनवरची पहिली पाच मिनिटं आणि मुलांचं संवादलेखन



संवादलेखनाच्या वह्या तपासताना एक विषय दरवर्षी समोर येतो. बऱ्याच वर्षांनी नातेवाईक येत आहेत, तुम्ही त्यांना आणायला स्टेशनवर गेला आहात, तिथला संवाद लिहा. चौथीच्या वर्गातल्या तीसपैकी पंचवीस वह्यांत साधारण हे असतं :

मुलगा : नमस्कार मामा.
मामा : नमस्कार बाळ. तू कसा आहेस?
मुलगा : मी मजेत आहे. आपला प्रवास कसा झाला?
मामा : माझा प्रवास सुखाचा झाला.
मुलगा : चला, आता आपण घरी जाऊया.

शुद्धलेखन बरोबर, विरामचिन्हं बरोबर, गुण द्यावेच लागतात. पण मला सांगा, तुमच्या घरातलं कोणी मामाला स्टेशनवर ‘आपला प्रवास कसा झाला’ असं विचारतं का? मूल रोज घरात मराठी बोलतं, तरी लिहायला बसलं की असं परक्यासारखं का लिहितं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. गेल्या मे महिन्यात साताऱ्याच्या फलाटावर उभी असताना ते थोडं उलगडलं. तोच प्रसंग आधी सांगते.

माझी आत्या वर्ध्याला असते. लग्न होऊन गेली त्याला पस्तीस वर्षं झाली. पूर्वी दर सुट्टीत यायची. शेवटची आली ती 2018 मध्ये. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, माझी आजी गेली, म्हणजे तिची आई. आत्याला येता आलं नाही. पुढे तिच्या मिस्टरांचं आजारपण निघालं. असं करत सात वर्षं गेली. या वर्षी ती महाराष्ट्र एक्सप्रेसनं एकटी निघाली. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी ही गाडी वर्ध्याला थांबते, रात्र प्रवासात जाते आणि सकाळी सातारा येतो.

आमचं स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला. मी, माझे वडील आणि माझी नऊ वर्षांची मुलगी असे तिघं गेलो. दहा दहा रुपयांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. ‘लोणंद सोडलं’ म्हणून आत्याचा फोन आला तेव्हापासून वडील फलाटावर येरझारा घालत होते. एस तीनचा डबा कुठे येईल ते दोनदा विचारून आले, आणि तरीही गाडी आली तेव्हा आम्ही चार डबे मागे उभे होतो. मग पळापळ. साताऱ्याला गाडी काही फार थांबत नाही, त्यामुळे आधी सामान आणि मग माणसं हा नियम सगळ्यांना पाठ असतो.

आता पुढचं बोलणं जसं झालं तसं लिहिते. त्याच दिवशी दुपारी मी ते वहीत उतरवून ठेवलं होतं.

वडील : आलीस?
आत्या : आले की. (हातातली पिशवी पुढे करत) ही धर आधी.
वडील : एवढंच सामान?
आत्या : एक बॅग आहे अजून. त्या पोराला सांगितलंय, तो देतो.
(बॅग खाली येते.)
वडील : वेळेत आली म्हणायची आज गाडी.
आत्या : दौंडला उभी होती बराच वेळ. किती वाळला रे दादा तू!
वडील : वाळतोय कुठला. चष्मा बदललाय.

बस, एवढंच. सात वर्षांनी भेटलेले सख्खे बहीणभाऊ, मध्ये आई गेलेली, आणि बोलणं पिशवीचं, दौंडचं आणि चष्म्याचं.

यात एकही वाक्य माहिती मिळवण्यासाठी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘आलीस?’ हा प्रश्न घ्या. ती समोर उभी आहे, आली आहे हे दिसतंय, तरी आपण विचारतो. अंगणात झाडत असलेल्या बाईला ‘झाडताय होय’ म्हणायचं, जेवायला बसलेल्याला ‘जेवताय का’ म्हणायचं, ही आपल्याकडची पद्धतच आहे. दिसणारी गोष्टच प्रश्न करून विचारायची. त्याचा अर्थ इतकाच, की तू मला दिसलीस, मी तुझी दखल घेतली. उत्तरही तसंच असतं, ‘आले की’. घरच्या माणसांत ‘नमस्कार’ची जागा या ‘आलीस’नं घेतलेली असते. नमस्कार म्हणतात तो पाहुण्याला, सरांना, नव्या व्याह्यांना. म्हणून मूल ‘नमस्कार मामा’ लिहितं तेव्हा वाक्य चुकत नाही, मामा परका होतो.

दुसरं सामान. स्टेशनवरच्या बोलण्यात पिशवी कायम मध्ये येते, कारण हाताला काम लागतं. आपल्याकडे भाऊ बहिणीला चारचौघांत मिठी मारतोच असं नाही, निदान वडिलांच्या पिढीत नाही. मग पिशवी घेणं हीच भेट. ‘एवढंच सामान?’ यात ‘थोडेच दिवस राहणार की काय’ अशी तक्रारही आहे, बरं का. पण ती सरळ विचारलेली नाही. सरळ ‘किती दिवस आहेस?’ असं फलाटावर विचारलं तर ‘कधी जाणार?’ असं ऐकू येतं. माझ्या माहितीतल्या एका घरात या एका प्रश्नावरून आठवडाभर अबोला झाला होता. परतीचं तिकीट कधीचं हे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आपोआप निघतं.

आणि तिसरं ते ‘वाळला’. मधली वर्षं किती गेली हे मोजायचं आपल्याकडचं माप म्हणजे समोरच्याचं अंग. मोठ्यांना वाळलास, केस पिकले, थकलास, आणि मुलांना केवढी झालीस, ओळखू येत नाहीस. यातलं ‘वाळलास’ म्हणजे आरोग्याची चौकशी नसते. मी इतके दिवस तुला पाहिलं नाही, याची ती कबुली असते. म्हणूनच त्याचं उत्तर ‘हो, पाच किलो कमी झालं’ असं कोणी देत नाही. उत्तर नेहमी उडवून लावणारं असतं, ‘वाळतोय कुठला’. आजारातून उठलेल्या माणसाला मात्र हे बोलू नये. त्याला ते खरोखरच लागतं.

मुलांचा लिहिलेला संवाद का फसतो हे मला इथे कळलं. मूल प्रश्नाला प्रश्न समजतं आणि खाली त्याचं पूर्ण वाक्यात उत्तर लिहितं. आपणच शिकवलंय ना, ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’! तेच ते संवादातही करतं.

आता माझ्या मुलीकडे येते, कारण पालकांसाठी महत्त्वाचा भाग तिथेच आहे.

आत्या शेवटची आली तेव्हा ती दोन वर्षांची होती. फोनवरच्या व्हिडिओत अधूनमधून बघायची, त्यामुळे चेहरा ओळखीचा. पण फोनमध्ये माणूस खांद्यापर्यंतच दिसतं. प्रत्यक्षात आत्या माझ्याहून उंच आहे, आवाज मोठा आहे आणि तिच्या साडीला प्रवासाचा वास होता. मुलगी माझ्या ओढणीमागे. आत्या वाकून म्हणाली, “ओळखलं का मला? सांग बरं मी कोण?”

हा प्रश्न आपण सगळेच मुलांना विचारतो. प्रेमानंच विचारतो. पण मुलाच्या जागी उभं राहून बघा. ओळखलं नाही म्हणावं तर मोठ्यांचं मन मोडतं. ओळखलं म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग सांग कोण?’ चारचौघांत घेतलेली तोंडी परीक्षाच ती. मूल अडकलं आहे हे कसं ओळखायचं? ते समोरच्याकडे न बघता आईकडे बघतं, बोटं तोंडात जातात, नाहीतर चपलेच्या पट्ट्याशी खेळ सुरू होतो. अशा वेळी आपण काय करतो? ‘अगं बोल की, घरी तर एवढी बडबडतेस!’ मीही हेच म्हणाले. शिक्षिका असून म्हणाले. त्यानं ती अजूनच मागे सरकली.

तिची खरी अडचण वेगळीच होती आणि ती मला रात्री झोपताना कळली. तिनं विचारलं, “आई, आत्याआजीला तू म्हणायचं की तुम्ही?”

बघा, मुलाच्या डोक्यात केवढा मोठा पेच असतो! मराठीत समोरच्याशी बोलताना क्रियापदच नातं सांगून टाकतं. ‘आलीस’ की ‘आलात’, ‘ये’ की ‘या’, ‘बस’ की ‘बसा’. आणि याचा एक नियम नाही. पुष्कळ घरांत आई, आजी, मावशी यांना तू आणि बाबा, आजोबा, काका यांना तुम्ही. आताच्या घरांत बाबांनाही तू. आत्याला काही घरांत तू, काही घरांत तुम्ही. रोज भेटणाऱ्या माणसाचं हे मुलाला ऐकून ऐकून माहीत असतं. सात वर्षांनी आलेल्या माणसाचं कुठून माहीत असणार? ‘तू’ म्हटलं तर उद्धट वाटेल, ‘तुम्ही’ म्हटलं तर आजी हसेल. मग सगळ्यात सोपं काय, तर गप्प बसणं. आपण त्याला लाजाळूपणा म्हणतो.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, निघण्यापूर्वी घरीच सांगून ठेवायचं : ‘आत्याआजी येतेय. ती माझी आत्या, म्हणजे आजोबांची बहीण. आपण तिला तू म्हणतो.’ तीन वाक्यं. जुना फोटो असला तर दाखवायचा, पण उभा, पूर्ण दिसणारा. दुसरा उपाय मला फार आवडला, कारण तो भाषेतच दडलेला आहे. मराठीत अशी वाक्यं आहेत ज्यांत तू किंवा तुम्ही येतच नाही, आणि क्रियापदावरूनही कळत नाही. ‘पाणी हवंय का?’ ‘ही पिशवी घेऊ का?’ ‘जड आहे का?’ ‘रिक्षा तिकडे आहे.’ यात कोणालाही काही खटकत नाही. घरातल्या नव्या सुनेला सासरच्या माणसांशी बोलताना सुरुवातीला हीच वाक्यं तारतात, हे आपल्यापैकी अनेकींना आठवेल! मुलाला यातलं एक वाक्य आणि हातात एक पाण्याची बाटली देऊन ठेवा. ‘नमस्कार कर, बोल’ असं सांगण्यापेक्षा ‘आजी उतरली की तिला पाणी विचार’ हे सांगणं सोपं, कारण त्यात करायला काहीतरी आहे.

आणि मोठ्यांनी ‘ओळखलं का’ विचारण्याआधी स्वतःचं नातं सांगून टाकावं. ‘मी आत्याआजी. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण.’ आमच्या आत्यानं ते पुढे आपसूक केलं. मुलगी बोलत नाही बघून ती म्हणाली, “राहू दे तिला. तू दोन वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीवर बसून वरण सांडलं होतं. केवढी मोठी झाली न बाप्पा!” आणि पिशवीतून गोरसपाकचा पुडा काढून हातात दिला. वर्ध्याची माणसं आली की गोरसपाक येणारच. मुलगी हळूच हसली. मग मला विचारते, “बाप्पा कुठेयत?”

भाषा शिकवणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे. पस्तीस वर्षांत आत्याची बोली बदलली. आपल्याकडे ‘तू मोठी झालीस’, ‘किती वाळलास’. विदर्भात तो शेवटचा स सहसा गळतो, ‘तू मोठी झाली’, ‘किती वाळला’. आणि आश्चर्यासाठी ‘बाप्पा’. वडील अजून ‘आलीस’ म्हणतात आणि ती ‘वाळला’ म्हणते. दोघं एकाच घरात वाढलेले, पण कोण कुठे नांदलं ते एका अक्षरावरून कळतं. वर्गात एखाद्या मुलानं संवादात ‘तू कधी आली?’ लिहिलं तर मी आता लगेच लाल पेन फिरवत नाही. आधी विचारते, मामा कुठले? नागपूरचे असतील तर ते वाक्य मामांच्या तोंडी बरोबरच आहे.

पाया पडण्याचंही सांगते, कारण मुलं ते प्रत्येक संवादात लिहितात. ‘मी मामांच्या पाया पडलो. मामांनी आशीर्वाद दिला.’ फलाटावर गर्दीत मी वाकले तर आत्यानं खांदा धरून वर उठवलं, “घरी गेल्यावर गं.” बहुतेक ठिकाणी असंच होतं. खरा मान घराच्या उंबऱ्यावर असतो. आईनं पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आत घेतलं. पाया पडणं त्यानंतर. स्टेशनवर फक्त वाकायला लागायचं आणि समोरच्यानं अडवायचं. हे अडवणं मुलांना दिसलेलं असतं, पण लिहिता येतं हे माहीत नसतं.

विमानतळाचा प्रसंग थोडा वेगळा असतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीची मावशी दुबईहून मुंबईला उतरली. आणायला गेलेल्यांना बाहेरच थांबावं लागतं, आणि फलकावर विमान ‘उतरलं’ असं दिसलं तरी माणूस काही लगेच येत नाही. पासपोर्टची तपासणी, मग सामानाचा पट्टा, यात तासभरही जातो. म्हणजे रेल्वेत भेट घाईत होते आणि विमानतळावर वाट बघून बघून. मावशी आधी लांबून दिसते, हात हलवते, मध्ये कठडा, पुढ्यात सामानाची गाडी. जवळ येईपर्यंत अर्धं हसून झालेलं असतं. त्या मुलीनं पहिलं वाक्य लिहिलं होतं : ‘मावशी, किती उशीर! मला शू आली होती.’ मी ते तसंच ठेवलं.

वर्गात मी आता हा पाठ कसा घेते ते सांगते. विषय देऊन लगेच लिहायला लावत नाही. सुट्टी लागण्याआधी सांगते, की तुमच्याकडे कोणी आलं किंवा तुम्ही कोणाकडे गेलात, तर पहिली पाच वाक्यं कान देऊन ऐका आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. कुठलंही स्टँड चालेल, एसटीचं असलं तरी. सुट्टीनंतर ती वाक्यं फळ्यावर घेतो. ‘आलास व्हय!’, ‘जेवलाय का?’, ‘फोन का लागत नव्हता?’, ‘हिला ताप होता ना?’ अशी यादी होते. मग दोन मुलं पुढे येतात, एकाच्या हातात दप्तर भरून द्यायचं. खरंच जड हवं. जड दप्तर हातात असलं की ‘आपला प्रवास कसा झाला’ हे वाक्य तोंडातून निघतच नाही, ‘धर की’ निघतं. त्यानंतर लिहायचं, आणि निदान दोन ठिकाणी कंसात हातांनी काय केलं ते लिहायचं. एवढीच अट.

यातून आलेला एक संवाद माझ्याकडे जपून ठेवलाय. मुलाचे वडील सैन्यात आहेत. आपल्या जिल्ह्यात असे बाबा पुष्कळ. आठ महिन्यांनी ते सुट्टीवर आले.

बाबा : (काहीच बोलले नाहीत. बॅग खाली ठेवली.)
मी : बाबा, बूट ओले आहेत.
बाबा : पाऊस होता.
मी : इकडे नाही.
बाबा : आता हिला घे. (टोपी दिली.)

परीक्षेत हे चालणार नाही, हे मी मुलांपासून लपवत नाही. तिथे सुरुवात, चौकशी, निरोप असा रीतसर संवाद अपेक्षित असतो आणि पाच-सहा वाक्यं तरी पूर्ण हवीत. तिथे ‘नमस्कार मामा’ लिहा म्हणून मी सांगते. पण वर्गाच्या वहीत या संवादाला मी पाचपैकी पाच दिले, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलानं ‘बाई, याचं तर छोटं आहे’ म्हणून तक्रार केली. त्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. टोपीपाशी वर्ग शांत झाला. तक्रार करणाऱ्यानंही मान डोलावली.

वडील आणि आत्या यांचं राहिलंच. फलाटावर आजीचा विषय निघाला नाही. मला वाटलं होतं आत्या उतरताच रडेल. मी तयारीत होते, काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं. बरं झालं, बोलले नाही. रिक्षा माहुलीचा पूल ओलांडून गावाकडे वळली तोपर्यंत ती रस्त्यावरच्या नव्या इमारती बघत होती. मग वडिलांकडे न बघता तिनं विचारलं, “आईच्या खोलीत कोण असतं आता?”

वडील म्हणाले, “कोणी नाही. तुझी बॅग तिथेच ठेवायचीय.”